कात नेमकी कोणाची? फेस्टच्या बॅनरवरच्या आणि टी-शर्टवरच्या ओळी लिहिण्याआधी

तीन वर्षांपूर्वीच्या गॅदरिंगची गोष्ट. कॉलेजने फेस्टची थीम ठेवली होती 'रिइन्व्हेन्शन'. स्पॉन्सर आणणाऱ्या टीममधली दोन पोरं आमच्या फ्लेक्सच्या दुकानात आली. एका नाश्ता सेंटरने पैसे दिले होते आणि त्यांच्या बॅनरसाठी पोरांनी ओळ लिहून आणली होती: 'कालची पोळी, आजची फोडणी!' मला ती इतकी आवडली की मी काही न विचारता टाइपच करायला घेतली. फोडणीची पोळी म्हणजे दुसरं काय असतं? रात्रीच्या उरलेल्या पोळ्या कुस्करायच्या, कांदा-मिरचीची फोडणी द्यायची, आणि सकाळी त्याच पोळीवरून घरात भांडणं. थीमला यापेक्षा चांगलं उदाहरण शोधून सापडलं नसतं.

6 बाय 3 चा फ्लेक्स निघाला, गेटवर लागला, आणि अर्ध्या तासात नाश्ता सेंटरचे मालक दुकानात हजर. "माझ्याकडे शिळं मिळतं असं लिहिलंय तुम्ही. आधी ते उतरवा." त्यांचं चुकलं नव्हतं. फ्लेक्स उतरवला, दुसरा छापला, आणि पहिल्याचे पैसे टीमच्या खिशातून गेले.

त्यानंतर या थीमवर कोणी ओळ घेऊन आलं की मी एकच प्रश्न विचारतो: कात टाकतंय कोण? पुढचा सगळा लेख त्याच प्रश्नाभोवती आहे. पहिल्यांदाच कमिटीत आला असाल आणि लिहिण्याचं काम तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर याच क्रमाने जा.

आधी थीमला मराठीत आणा

'रिइन्व्हेन्शन' हा शब्द देवनागरीत लिहून बघा. कापडावर तो शब्द दिसत नाही, गाठ दिसते. शब्दकोशातला 'पुनराविष्कार' काढला तर ती परीक्षेच्या पेपरातली ओळ होते. 'स्वतःला नव्याने घडवा' हे तर इतकं घासलेलं आहे की वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. म्हणून थीमचा शब्द पोस्टरवर एकदाच, कार्यक्रमाच्या नावात राहू द्या. ओळींमध्ये तो आणूच नका.

'नवीन' आणि 'नव्याने झालेलं' यात फरक आहे, आणि तो सुटला की ओळ कुठल्याही सेलच्या जाहिरातीसारखी होते. नवं दुकान उघडलं, हे नवीन. तेच दुकान, तीच गल्ली, पण आतलं सगळं पालटलं, हे नव्याने. म्हणजे ओळीत आधीची वस्तू दिसायला हवी, किंवा निदान तिची चाहूल लागायला हवी. चेतकचं बघा. बजाजची ही स्कूटर 1972 ची, आणि 2020 मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला लागलं. नुसती 'नवी इलेक्ट्रिक स्कूटर' म्हटलं असतं तर ती चारांतली एक झाली असती. 'चेतक' म्हटल्यावर ज्याच्या घरी ती कधीतरी होती त्याला किक मारून दमलेले बाबा आठवतात. जुनं नाव हे काम करतं.

मराठीत यासाठी तयार माल भरपूर आहे. कात टाकणे, कूस बदलणे, पाटी पुसणे, जुनं सोनं मोडून नवं घडवणे, लुगड्यांची गोधडी, पानगळीनंतरची पालवी, आणि अर्थात फोडणीची पोळी. एका संध्याकाळी चार-पाच जणांनी बसून असे 15-20 वाक्प्रचार आणि वस्तू कागदावर काढा. घरी आईला, आजीला फोन लावा. आपल्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त निघतात. गोधडी मला एका मुलीच्या आजीने दिली: "फाटलं म्हणून टाकत नाही गं आम्ही, शिवतो."

पण प्रत्येक वाक्प्रचाराला एक उलटी बाजू असते, आणि ती यादी करतानाच शेजारी लिहून ठेवायची. 'पाटी कोरी' म्हणजे नवी सुरुवात, पण ज्याला काहीच येत नाही त्याचीही पाटी कोरीच असते. क्लासच्या बॅनरवर ती गेली की संपलं. 'शिळ्या कढीला ऊत' तर यादीत घेऊच नका, कोणीतरी गंमत म्हणून घेतोच. 'पुनश्च हरिओम' छान वाटतं. टिळकांनी 1899 मध्ये केसरीची सूत्रं पुन्हा हातात घेताना हा मथळा दिला होता. पण 2020 च्या लॉकडाऊननंतर सरकारनेही तेच शब्द वापरले, त्यामुळे आता ते वाचलं की मास्क आणि सॅनिटायझर आठवतात. फेस्टच्या मांडवात ते कशाला?

कात कोणाची, हे ठरवा

स्पॉन्सरच्या बॅनरवर तीन पक्ष असतात: दुकान, दुकानातली वस्तू आणि गिऱ्हाईक. नव्याने घडतंय ते या तिघांपैकी नेमकं कोण, हे लिहिण्याआधी ठरवायचं.

दुकानाने कात टाकली असं लिहिलं की त्याचा अर्थ निघतो की आधी दुकान वाईट होतं. ज्यांनी खरंच दुरुस्ती केली आहे, नवं फर्निचर बसवलं आहे आणि ज्यांना ते सांगायचंच आहे, अशांनाच हे चालतं. खाण्यापिण्याचं दुकान, औषधाचं दुकान, दवाखाना यांच्या बाबतीत तर अजिबात नाही. 'आता नव्या रूपात' हे शब्द मेडिकलवर लावून बघा. कालपर्यंत काय देत होते, असा प्रश्न पडतोच.

वस्तूने कात टाकली हे सगळ्यात सोपं जातं, कारण वस्तूला राग येत नाही. सराफाचं दुकान घ्या. त्यांच्याकडे जुना दागिना मोडून नवा घडवण्याचं काम रोज असतं. त्याला ते 'मोड' म्हणतात. पोरांनी लिहिलं होतं, 'मोडा जुनं, घडवा नवं'. शेठ वाचूनच दचकले. दुकानाच्या नावाखाली 'मोडा' हा शब्द त्यांना नको होता, आणि लग्नाच्या सीझनमध्ये तर नकोच. मग आम्ही क्रियापदच काढून टाकलं. आधी काय होतं आणि नंतर काय झालं, फक्त एवढंच ठेवलं: 'आजीच्या पाटल्या, नातीचा नेकलेस'. मोडणं मधल्या स्वल्पविरामात लपलं. ही युक्ती लक्षात ठेवा. दोन नामं शेजारी ठेवली की त्यांच्यामधला बदल वाचणारा स्वतः भरून घेतो, आणि दुखणारं क्रियापद लिहावं लागत नाही. गॅरेजसाठी याच साच्यातून निघालं, 'बाबांची स्कूटर, माझी राइड'.

तिसरी बाजू गिऱ्हाइकाची. दुकान तेच, वस्तू तीच, पण तुम्ही आत गेलात एक आणि बाहेर आलात दुसरे. खाण्याच्या दुकानांना हाच रस्ता घ्यावा लागतो. त्या नाश्ता सेंटरला शेवटी दिलेली ओळ होती, 'डोळे मिटून या, डोळे उघडून जा', म्हणजे सकाळी झोपेत आलेला पोरगा मिसळ खाऊन जागा होतो. थीमही आली आणि शिळंही कुठे दिसलं नाही. ओळ काही फार मोठी नाही, पण मालक स्वतः बॅनरसोबत फोटो काढून गेले.

क्लासेसचं काम मात्र जपून. गिऱ्हाईक म्हणजे विद्यार्थी, आणि विद्यार्थ्याला 'पुन्हा' हा शब्द ऐकवायचा नाही. 'पुन्हा एकदा', 'पहिल्यापासून', 'नवी संधी', यातलं काहीही लिहा, वाचणाऱ्याच्या डोक्यात एटीकेटी येते. क्लासचे सर पैसे देतात ते हुशार मुलं यावीत म्हणून, नापासांची बॅच भरावी म्हणून नाही. तिथे जागा बदलून सांगितलं: 'मागचा बाक, पुढचा नंबर'.

यासाठी स्पॉन्सरकडे पैसे मागायला जाताना सोबत वही न्या आणि तीन गोष्टी विचारून या. दुकान आधी कशाचं होतं? गिऱ्हाईक काय घेऊन येतं आणि काय घेऊन जातं? आणि कुठला शब्द तुमच्या नावाजवळ नको? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. गादीवाल्या काकांनी सांगितलं, "मऊ लिहू नका, मऊ म्हणजे लवकर बसणारी." आम्ही तेच लिहिणार होतो. त्यांच्यासाठी मग नुसतं 'कूस बदला!' एवढंच छापलं, खाली दुकानाचं नाव. झोपेतली कूस आणि काळाची कूस, दोन्ही आपोआप आल्या. इतकी नेमकी ओळ वर्षातून एखादीच सापडते.

कंपनीची स्वतःची टॅगलाइन असेल तर ती मोडून-वाकवून थीममध्ये बसवू नका. पुष्कळदा ती ट्रेडमार्क म्हणून नोंदवलेली असते. स्थानिक डीलर हौसेने हो म्हणतो आणि मग कंपनीच्या माणसाचा फोन येतो. टॅगलाइन आहे तशी लोगोखाली ठेवा आणि तुमची ओळ वेगळी लिहा.

बॅनरची ओळ: एक उदाहरण शेवटपर्यंत

मागच्या वर्षी एका जेन्ट्स पार्लरवाल्या मामांनी गेटजवळचा 10 बाय 4 फुटांचा बॅनर घेतला. वहीत त्यांची उत्तरं होती अशी: दुकान वडिलांचं, आधी लाकडी खुर्ची होती, आता एसी आहे. पोरं विस्कटलेली येतात, नीटनेटकी जातात. नको असलेला शब्द: 'स्वस्त'.

पहिल्या प्रयत्नात पोरांनी लिहिलं, 'परंपरा तीच, अंदाज नवा, आपल्या व्यक्तिमत्त्वाला द्या नवी ओळख'. यात अडचणी दोन. एक तर कात दुकानाची आहे की गिऱ्हाइकाची हे कळत नाही, दोन्हीकडे हात आहे. दुसरं म्हणजे 'व्यक्तिमत्त्वाला' हा शब्द. त्यातले दोन जोडाक्षरांचे गठ्ठे लांबून काळे ठिपके दिसतात. 'अंदाज' तर हिंदीतून आला आहे. मराठीत अंदाज म्हणजे अदमास.

दुसऱ्या प्रयत्नात कात गिऱ्हाइकाची ठरली: 'विस्कटून या, आवरून जा'. बरी होती. मामांना मात्र 'विस्कटून' पटलं नाही, पोरांना नावं ठेवल्यासारखं वाटलं त्यांना.

तिसरी ओळ टीममधल्या सगळ्यात गप्प मुलाने दिली: 'एक कटिंग, माणूस नवा'. आमच्याकडे केस कापण्याला कटिंगच म्हणतात, त्यामुळे मामा खूश. चार शब्द, एकही अवघड जोडाक्षर नाही, आणि आधीचा माणूस न दाखवताही तो आहे हे कळतं. गंमत अशी झाली की चहावाल्यानेही तीच ओळ मागितली, कारण अर्धा कप चहा म्हणजेही कटिंगच. दोघांनी वेगवेगळे पैसे दिले होते, म्हणून आधी येणाऱ्याला ओळ मिळाली. चहावाला दोन दिवस बोलत नव्हता. त्यामुळे आता मी टीमला सांगतो, जिच्यावर दोन दुकानांना हक्क सांगता येईल अशी ओळ निघाली, तर ती कोणाला दाखवण्याआधी आपसात ठरवा.

आता ती फ्लेक्सवर कशी बसवायची. गेटवरचा बॅनर माणूस उभा राहून वाचत नाही. तो गाडीवरून जातो आणि त्याच्याकडे दोन-तीन सेकंद असतात. साधा हिशेब असा की दर 10 फूट अंतरासाठी अक्षराची उंची निदान 1 इंच धरायची. 50 फुटांवरून वाचायचं तर 5 इंच. पण हा हिशेब रोमन अक्षरांवरून आलेला आहे. देवनागरीत वर मात्रा आणि रफार, खाली उकार, आणि मध्ये शिरोरेषा सगळ्यांना बांधून ठेवते. म्हणून मी मूळ अक्षर, मात्रा न धरता, 7 इंचांचं घेतो. मामांची ओळ त्या मापाने साधारण 7 फुटांत बसली. 10 फुटांत बाजूला श्वास घ्यायला जागा उरली. दुकानाचं नाव ओळीपेक्षा मोठं, 10 इंच. लिहिणाऱ्याला नेहमी आपली ओळ मोठी हवी असते, पण मामांनी पैसे नावासाठी दिले आहेत. पत्ता एका ओळीत, आणि तोही 'कॉलेजच्या मागे' एवढाच. पूर्ण पत्ता, तीन मोबाईल नंबर आणि सगळ्या सेवांची यादी टाकायला लावणारा स्पॉन्सर भेटतोच. त्याला सांगा, ते सगळं स्टेजजवळच्या छोट्या स्टँडीवर टाकू, तिथे लोक उभे असतात.

तपासायला एक सोपी पद्धत आहे. 10 फुटांचं डिझाइन आडव्या ए-4 कागदावर काढलं की ते जवळपास एक दशांश होतं. तो कागद भिंतीला लावून 5 फुटांवर उभे राहा. तुम्ही आता 50 फुटांवरून बॅनर बघताय. ज्याने ओळ आधी पाहिलेली नाही अशा कोणालातरी बोलवा, तीन सेकंद दाखवा आणि कागद झाका. काय वाचलं ते विचारा. त्याने दुकानाचं नाव आणि ओळ दोन्ही सांगितलं तर छापा. 'कटिंग का काहीतरी' असं म्हणाला तर ओळीत नाही, मांडणीत घोळ आहे.

बॅनर कॉलेजच्या आवारात लावायचा तर आधी प्राचार्यांची परवानगी घ्या. रस्त्यावरच्या खांबाला किंवा चौकात लावायचा तर नगरपालिकेची किंवा महापालिकेची लेखी परवानगी लागते. मालमत्ता विद्रूपीकरणाचा 1995 चा राज्याचा कायदा आहे, आणि विनापरवाना बॅनरवर नाव स्पॉन्सरचं असतं, त्यामुळे नोटीस आली तर पहिली त्यालाच जाते. पुढच्या वर्षी तो पैसे देत नाही, मग ओळ कितीही भारी असो.

टी-शर्टची ओळ वेगळी असते

बॅनर दुकानाचा असतो, टी-शर्ट घालणाऱ्याचा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, कारण बॅनरवर जमलेली ओळ पोरं तशीच छातीवर उचलून नेतात. 'एक कटिंग, माणूस नवा' घालून फिरणारा पोरगा पार्लरचा नोकर वाटेल. छातीवर घालणाऱ्याचं म्हणणं हवं. स्पॉन्सरचे लोगो पाठीवर किंवा बाहीवर, लहान. फेस्ट संपल्यावरही पोरं तो शर्ट घालतील तरच स्पॉन्सरचा खरा फायदा, आणि छातीवर जाहिरात असलेला शर्ट दुसऱ्याच आठवड्यात फडकं होतो. हे स्पॉन्सरला अशाच शब्दांत सांगितलं तर बहुतेकांना पटतं.

दुसरी अडचण मराठीचीच आहे. आपली क्रियापदं लिंगाप्रमाणे बदलतात. 'मी बदललो' छापलं तर निम्मा वर्ग तो शर्ट घालणार नाही, 'मी बदलले' छापलं तर उरलेला निम्मा. 'बदलतोय' आणि 'बदलतेय' यातही तेच. दोन वेगळे लॉट काढायचे तर खर्च वाढतो आणि साइजचा गोंधळ होतो. यावर व्याकरणातच उपाय आहे. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याप्रमाणे चालत नाही, कर्माप्रमाणे चालतं. म्हणजे 'मी कात टाकली' हे मुलगाही म्हणतो आणि मुलगीही. 'टाकली' हे कातीचं स्त्रीलिंग आहे, बोलणाऱ्याचं नाही. 'मी पाटी पुसली', 'मी कूस बदलली', 'मी गोधडी शिवली', सगळ्या ओळी सगळ्यांना चालतात. म्हणून टी-शर्टसाठी वाक्प्रचार निवडताना त्यात एखादी टाकायची, पुसायची, शिवायची वस्तू आहे ना, हे बघा.

आज्ञार्थातही ही अडचण येत नाही, पण तिथे 'टाक' की 'टाका' हे ठरवावं लागतं. बॅनर अनोळखी माणसाशी बोलतो, तिथे 'टाका'. शर्टवर मित्राला म्हटल्यासारखं 'टाक' चालतं. पण व्हॉलंटियरचा शर्ट पालकांच्या आणि पाहुण्यांच्या समोर जाणार असेल तर 'टाका'च बरा. दोन्ही रूपं एकाच फेस्टमध्ये मिसळू नका. दोन वेगवेगळ्या लोकांनी लिहिलं हे लगेच दिसतं.

छपाईबद्दल थोडंच सांगतो. 100-150 शर्ट असतील तर स्क्रीन प्रिंटिंग परवडतं, पण त्यात प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन करावी लागते. म्हणून ओळ एका रंगात ठेवा. 20-25 शर्ट असतील तर डीटीएफ करून घ्या, म्हणजे आधी फिल्मवर छापून मग गरम दाबाने शर्टवर चिकटवायचं. त्यात रंग कितीही चालतात, मात्र तो भाग अंगावर प्लॅस्टिकच्या पट्टीसारखा लागतो. गडद शर्टवर पांढरी शाई थोडी पसरते आणि अक्षरांमधल्या बारीक जागा भरून जातात. 'ळ', 'क्ष', 'ठ' यांच्या पोटातली जागा पहिली बुजते. म्हणून बारीक रेषेचा, कॅलिग्राफीचा फाँट टाळा. एक टाइप या मंडळींनी केलेले Mukta आणि Baloo 2 हे दोन फाँट मोफत मिळतात. Baloo जाड, गोलसर आहे, कापडावर टिकतो. ओळ कॉलरच्या खाली चार बोटं सोडून सुरू करा, पोटावर नेऊ नका. आणि पाठीवर मुख्य ओळ लिहायचीच नाही, तिथे सॅक असते.

शर्टसाठी ओळ दोन ओळींत तोडायची असेल तर वरची ओळ एकटी वाचून बघा. फाइल हातात धरली, हाताची घडी घातली, की अर्धी ओळ झाकली जाते आणि उरलेलीच फोटोत येते. एका टीमने लिहिलं होतं, वर 'जुनं सगळं' आणि खाली 'सोडून दिलंय'. घडी घातलेल्या हातांनी काढलेल्या ग्रुप फोटोत 12 जणांच्या छातीवर फक्त 'जुनं सगळं' दिसत होतं. थीम रिइन्व्हेन्शन.

छापायला देताना

ओळ पक्की झाली की ती स्पॉन्सरला व्हॉट्सअॅपवर आधी साध्या मजकुरात पाठवा, मग चित्र म्हणून. मजकुरावर 'ओके' आलं की तो मेसेज जपून ठेवा. दुकानाचं नाव त्यांच्या पाटीवर जसं आहे तसंच लिहा. 'ज्वेलर्स'चं कुणाच्या पाटीवर 'ज्वेलर्श' असेल तरी ते त्यांचं नाव आहे, शुद्धलेखन तुमच्या ओळीपुरतं. तुमच्या ओळीत मात्र ह्रस्व-दीर्घ चुकू देऊ नका: 'कूस' दीर्घ, 'पुन्हा' ह्रस्व. 'स्वतः' मधला विसर्ग काढताना पुष्कळ जण कीबोर्डवरचा कोलन दाबतात, तो मोठ्या अक्षरात लगेच वेगळा दिसतो.

सगळ्यात जास्त रडवणारी चूक फाइलची. तुमच्या लॅपटॉपवर 'कटिंग' नीट दिसतं, आणि प्रेसच्या मशीनवर तो फाँट नसला की वेलांटी एका बाजूला, अनुस्वार भलतीकडे, आणि जोडाक्षरं तुटून मध्ये हलंत चिन्हं. म्हणून देण्याआधी अक्षरांची आकृती करून टाका. कोरलड्रॉमध्ये ओळ निवडून

```
Ctrl+Q
```

इलस्ट्रेटरमध्ये

```
Ctrl+Shift+O
```

त्यानंतर अक्षरं बदलता येत नाहीत, म्हणून मूळ फाइल वेगळी ठेवा. सोबत एक पीडीएफ आणि मोबाईलवर काढलेला स्क्रीनशॉट द्या. ऑपरेटरला दोन्ही शेजारी ठेवून बघता येतं. मी स्वतः ऑपरेटर आहे आणि सांगतो, रात्री 11 वाजता डोळ्यांवर झोप असताना तुमच्या ओळीचा अर्थ मी वाचत नाही. मी फक्त जुळवून बघतो.

छापण्याआधी ओळ तीन माणसांना मोठ्याने वाचायला लावा: कॉलेजचे शिपाई मामा, एखाद्या मॅडम, आणि दुसऱ्या शाखेचा कोणीतरी ज्याला थीम माहीत नाही. वाचताना कोणी हसलं आणि का ते सांगेना, तर ओळ बदला.

आता राहिली कातीची गोष्ट. मागच्या वर्षी सगळ्यात चांगली ओळ एका पानवाल्या मामांसाठी निघाली होती: 'कात टाका, रंग येईल'. सापाची कात स्त्रीलिंगी, पानातला कात पुल्लिंगी, पण आज्ञार्थात दोन्ही सारखेच दिसतात. कात आणि चुना एकत्र आले की पान रंगतं, आणि माणूसही. मामांनी पैसेही काढून ठेवले होते. प्राचार्यांनी मात्र बॅनर थांबवला. मसाला पानासोबत त्या टपरीवर तंबाखूही असते, शाळा-कॉलेजपासून 100 यार्डांच्या आत ती विकायलाच 2003 च्या कायद्याने बंदी आहे, आणि तिची जाहिरात तर अशी बॅनरवर करताच येत नाही. मामांचा नुसता मसाला पानाचा बॅनरही गेटवर नको, म्हणाले. बरोबरच होतं.

ओळ मात्र कुणाचीच राहिली नव्हती, म्हणून टीमने ती स्पॉन्सरशिवाय व्हॉलंटियर्सच्या टी-शर्टवर घेतली. चॉकलेटी शर्ट, विटकरी लाल अक्षरं, एकच स्क्रीन. त्यात चुकलं एकच. चॉकलेटीवर विटकरी तीन फुटांपलीकडून दिसेना, पांढरी शाई हवी होती. मामांना बॅनर मिळाला नाही, पण त्यांनी एक्स्ट्रा लार्जचा शर्ट पैसे देऊन मागून घेतला. अजूनही रविवारी तो घालून टपरीवर बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पानाला चुना लावतात.